आमची वाटचाल : पंपाच्या किमतीपासून पंपाच्या खर्चापर्यंत

मोटारी रिवाइंड करणारं छोटं दुकान, मग पंपविक्री, आणि आता मालवण-देवगड पट्ट्यात गावच्या पाणी योजनांची पंपघरं उभारणं, असा आमच्या फर्मचा प्रवास झाला. या काळात सगळ्यात जास्त बदललं ते आमचं कोटेशन. पूर्वी त्यात एकच आकडा असायचा, पंपाची किंमत. आता शेवटी दहा वर्षांचा एकूण खर्च लिहितो. ग्रामपंचायत पंप एकदाच विकत घेते, पण त्याचं वीजबिल दर महिन्याला भरते.

एक हिशेब पूर्ण मांडतो. दर आणि किमती उदाहरणापुरत्या आहेत, आपापल्या घालाव्यात.

नदीकाठच्या जॅकवेलमधून डोंगरावरच्या टाकीत तासाला २० घनमीटर पाणी चढवायचं आहे. उंचीचा फरक ३६ मीटर, पाइपातल्या घर्षणाचे ९, म्हणजे एकूण हेड ४५ मीटर. पाण्याला लागणारी ताकद अशी काढतात:

```
kW = Q × H / 367 = 20 × 45 / 367 = 2.45
```

मीटरवर यापेक्षा जास्त पडतं, कारण पंप आणि मोटार दोन्हीकडे थोडी ताकद वाया जाते. स्वस्त संचाची एकत्रित कार्यक्षमता ४२ टक्के धरली तर ५.८४ किलोवॅट ओढले जातात, महागाची ५४ टक्के धरली तर ४.५४. दिवसाला सहा तास आणि वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १८०० तास. आठ रुपये युनिटने पहिल्याचं वर्षाचं बिल सुमारे ८४,१०० रुपये, दुसऱ्याचं ६५,४००.

किमती ४८,००० आणि ८२,०००. सील, बेअरिंग, इंपेलर, रिवाइंडिंग मिळून देखभाल वर्षाला सरासरी १२,००० आणि ७,००० धरू. पुढच्या दहा वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणायला १० टक्के व्याजदराने वार्षिक खर्चाला ६.१४५ ने गुणायचं. स्वस्त संच ६,३८,५०० रुपयांना पडतो, महाग ५,२६,९०० ला. खरेदीत वाचवलेले ३४,००० गेलेच, वर लाखभराहून जास्त गेले. यात विजेची दरवाढ धरलेली नाही.

गणित सोपं आहे, चूक आकडा उचलताना होते. कॅटलॉगमध्ये ठळक छापलेली कार्यक्षमता पंपाच्या सगळ्यात चांगल्या बिंदूवरची असते. तुमच्या ४५ मीटरला कर्व्हवर किती येते ते पाहायचं. 'असू दे थोडं जास्त' म्हणून ६० मीटरचा पंप बसवला, तर प्रत्यक्षात कमी हेड मिळाल्याने तो जास्त पाणी फेकतो, मोटार जास्त अँपिअर घेते, ओव्हरलोड ट्रिप होतो. मग ऑपरेटर व्हॉल्व्ह अर्धा बंद करून चालवतो. त्या व्हॉल्व्हमध्ये वीज फुकट जळते.

देखभालीचा आकडा आपल्याकडे खाडी ठरवते. एप्रिल-मेमध्ये नदीचा प्रवाह मंदावला की भरतीचं खारं पाणी वर सरकतं. अशा जागचा बिडाचा इंपेलर बाहेरून शाबूत दिसतो. चाकूने खरवडून बघा. शिसपेन्सिलीसारखी काळी भुकटी सुटली तर त्यातलं लोखंड गेलंय, ग्रॅफाइटचा सांगाडा उरलाय. तिथे कांस्याचा इंपेलर घ्यायचा. एसएस ३०४ ला खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडतात, ३१६ बरं टिकतं.

रिवाइंडिंगची मजुरी सगळे लिहितात, तिचा मागून येणारा खर्च कोणी लिहीत नाही. जुनी तार सोडवायला स्टेटर उघड्या जाळावर भाजला की पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं, आणि नवी तार भरूनही मोटार पहिल्यापेक्षा जास्त वीज खाते. हे आम्ही वाइंडिंगवालेच सांगतोय.

बसवल्यावर दर महिन्याला टाकी आणि मीटर सोबत वाचावेत. ५०,००० लिटरची टाकी २० घनमीटरने अडीच तासांत भरते. आपल्या चांगल्या संचाला हजार लिटरला ०.२३ युनिट लागायला हवं. ते ०.२८ कडे गेलं तर वेअर रिंग झिजलीय किंवा सक्शनची जाळी तुंबलीय. आधी जाळी साफ करावी, पंप नंतर खोलावा.

आता उलटी बाजू. याच पंपघरातला दुसरा, राखीव पंप वर्षाला २५० तासच चालतो. महाग संच तासाला साधारण १०.४० रुपये वाचवतो, म्हणजे वर्षाला २,६००. दहा वर्षांचे आजच्या किमतीत १६,०००, आणि जादा मोजायचे ३४,०००. देखभाल सारखीच धरली तर वर्षाला साधारण ५३० तासांखाली महाग पंप अंगावर येतो. म्हणून राखीव पंप आम्ही स्वस्तातलाच सुचवतो, फक्त तो आठवड्यातून अर्धा तास फिरवायचा, नाहीतर सील चिकटून बसतं आणि पावसात ऐन वेळी पाणी ठिबकायला लागतं.