झोपेच्या वेळा नाही, खेळायच्या वेळा कळवा

*"दोन दिवस सगळे नातेवाईक भेटणार म्हणून तुम्ही आधीच पत्र पाठवून बाळाच्या झोपेच्या वेळा सांभाळायला सांगितलंत म्हणे. कुणी रागावलं नाही का? आणि नेमकं लिहिलंत तरी काय?"*

रागावलं कुणी नाही. एक आत्या थोड्या फुरंगटल्या, पण त्या तशा प्रत्येक समारंभात एकदा फुरंगटतातच. नेमकं काय लिहिलं ते मात्र सविस्तर सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

आम्ही शुक्रवारी रात्री सासरी पोहोचणार होतो आणि रविवारी दुपारी निघणार होतो. घरात मोठी माणसंच दहाच्या वर. लेक आठ महिन्यांची. ती सकाळी सातला उठते, पावणेदहाला पहिली झोप घेते, दुपारी दोनला दुसरी, आणि रात्री सव्वासातच्या सुमारास झोपते. दोन्ही झोपा साधारण सव्वा ते दीड तासाच्या. रात्र आणि दिवस मिळून साडेचौदा तास झाले. चार महिने ते एक वर्ष या वयात १२ ते १६ तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात, म्हणजे माझी पोर काही जगावेगळी झोपाळू नाही.

नवऱ्याचा पहिला मसुदा असा होता: "सकाळी ९:४५ ते ११ आणि दुपारी २ ते ३:३० कृपया शांतता राखावी." वाचनालयाच्या भिंतीवर लावावा असा. नातेवाईक बाळाला बघायला येणार, आणि आपण त्यांना बाळ कधी मिळणार नाही तेवढंच कळवायचं, हे मला पटेना. म्हणून मी तीच माहिती उलटी लिहिली:

"आई, बाबा, ताई, भावोजी, काका-काकू, आत्या, बाळ तुम्हा सगळ्यांच्या ताब्यात सकाळी ७ ते ९:१५, मग ११:१५ ते १:३० आणि दुपारी पावणेचार ते साडेसहा. या वेळात तिला उचला, खेळवा, आमच्या हातात दिली नाहीत तरी चालेल. मधल्या वेळात ती आतल्या खोलीत झोपलेली असेल. ती आत्ता ज्या वयात आहे त्यात मुलं अनोळखी चेहरा दिसला की आईला चिकटतात, तेव्हा पहिल्यांदा रडली तर मनाला लावून घेऊ नका. आधी जवळ बसून नुसतं बोला, पाच-दहा मिनिटांत तीच हात पुढे करेल."

झोपेच्या आधीचा अर्धा तास मी मुद्दाम कुणालाच दिलेला नाही. त्या वेळात हवेत उडवणं, गुदगुल्या, टाळ्या सुरू झाल्या की पुढची झोप हमखास बिघडते, आणि ते ज्याने केलं त्याला कधीच कळत नाही. पण "शेवटच्या अर्ध्या तासात दंगा करू नका" असं लिहिण्यापेक्षा तो अर्धा तास वाटपातच न धरणं सोपं. मनाईचं वाक्य वाचलं की माणसाला ते मोडावंसं वाटतं, हे मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून पाहते आहे. स्वतःच्या बाबतीतसुद्धा.

पत्रातला खरा मुद्दा मात्र दुसरा होता, आणि मला वाटतं तोच बहुतेक जण लिहीत नाहीत. लोकांना वाटतं बाळाची झोप आवाजाने मोडते. मोडते, पण त्याहून जास्त मोडते ती प्रेमाने. या वयात झोपेचा एक फेरा साधारण पाऊण तासाचा असतो. फेरा संपला की बाळ अर्धवट जागं होतं, कण्हतं, मान वळवतं, कधी एखादं रडकं उं-आं करतं. दोन-चार मिनिटं तसंच राहू दिलं तर बरेचदा पुढच्या फेऱ्यात शिरतं. त्या मिनिटांत कुणी लगबगीने आत जाऊन "उठलं का माझं पिल्लू" म्हणत उचललं की झोप तिथेच संपली. मग पाऊण तासाच्या अर्ध्यामुर्ध्या झोपेवर ते बाळ पुढचे तीन तास काढणार. म्हणून मी लिहिलं:

"ती झोपल्यावर पाऊण तासाने बहुतेक आवाज येईल. तो उठल्याचा आवाज नसतो. घड्याळात पाच मिनिटं मोजा. आवाज वाढत गेला तर मला हाक मारा, कमी होत गेला तर समजा परत झोपली."

शनिवारी दुपारी हे अगदी असंच घडलं. दोनला झोपली, पावणेतीनला आतून आवाज आला. आत्या उठल्या. नणंदेने त्यांना हाताला धरून बसवलं आणि मोबाइलमधलं पत्र दाखवलं. मी दाराच्या फटीतून बघत होते. लेकीने डोकं एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवलं, मुठीने नाक चोळलं, दोन बोटं तोंडात घातली, थोडं कुरकुरली. चौथ्या मिनिटाला बोटं तोंडातून आपोआप निसटली. मग साडेतीनपर्यंत झोपली आणि हसत उठली. त्यानंतर आत्यांनीच तिला साडेसहापर्यंत सोडलं नाही.

सासूबाईंनी फोनवर एक प्रश्न आधीच विचारला होता: "अगं, आमची मुलं तर भर गोंगाटात झोपायची!" खरं आहे ते, आणि मी ते नाकारलंही नाही. नवजात बाळ दिवसाला १४ ते १७ तास झोपतं, त्याला दिवस-रात्रीचा फरक नसतो, त्यामुळे ते गोंगाटातही झोपतं. तीन-चार महिन्यांनंतर शरीराचं घड्याळ बसायला लागतं, आजूबाजूचं कुतूहल वाढतं, आणि तेच बाळ मान वर काढून कोण बोलतंय ते बघायला लागतं. मोठ्यांच्या आठवणीत बहुतेक ते पहिले तीन महिनेच ठसलेले असतात. शिवाय मी सासूबाईंना विचारलं, की दुपारी बाळ तुमच्या मांडीवर असताना बाकी मुलांना अंगणात कोण पिटाळायचं? त्या हसल्या. झोप तेव्हाही कुणीतरी राखतच होतं, फक्त पत्र लिहावं लागत नव्हतं.

आवाजाबद्दल मी फार मागितलं नाही. घरभर कुजबुजायला लावणं दोन दिवस कुणाला जमत नाही, आणि त्याची गरजही नसते. एकसारखी बोलण्याची गुणगुण, पंख्याची घरघर यांनी बाळ फारसं उठत नाही. ते दचकतं अचानक आवाजाने: दार आपटणं, भांडं पडणं, हॉलमध्ये एकदम फुटलेला हशा. म्हणून विनंती एवढीच होती की आतल्या खोलीचं दार ओढून घ्या आणि दारावरची घंटा तेवढ्या वेळापुरती बंद ठेवू. घंटा बंद करायचं काम सासऱ्यांनी आपणहून घेतलं आणि दोन्ही दिवस चोख केलं.

पत्रात विनंत्या होत्या, पण एक गोष्ट विनंती नव्हती. बाळ उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, स्वतःच्या जागेत झोपेल. शेजारी उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी नसतील. आणि सोफ्यावर तिला छातीशी घेऊन कुणीही डुलकी काढायची नाही. काकांना ती हौस फार, जेवण झालं की बाळ पोटावर आणि डोळे मिटलेले. मोठं माणूस सोफ्यावर झोपून गेलं आणि बाळ गादी आणि अंगाच्या फटीत सरकलं तर त्याचा श्वास कोंडू शकतो. हे मी गोड शब्दांत लिहायचा प्रयत्नच केला नाही. सरळ लिहिलं, कारणासकट. काकांनी ते वाचून काही न बोलता ऐकलं. कारण दिलं की मोठी माणसं ऐकतात, नुसता नियम दिला की वाद घालतात.

आता फसलं ते सांगते. रविवारी आम्ही दोनला निघणार होतो, म्हणजे दुसरी झोप गाडीत. पण निघताना सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं, मग कुणी आंघोळीला गेलेलं, कुणाला साडी बदलायची होती. सव्वातीन वाजले. अकरापासून जागी असलेली पोर तोवर सगळ्या पायऱ्या उतरून गेली होती. आधी ती लोकांकडे बघायची टाळत भिंतीकडे बघायला लागली, मग भुवया लालसर झाल्या, कान ओढून झाला. आणि मग एकदम ती खिदळायला लागली, हातपाय झाडायला लागली. "बघ, किती खेळतेय, हिला कुठे झोप आलीय!" असं तीन जण तरी म्हणाले. हीच फसवी पायरी. झोपेची वेळ टळली की शरीर जागं राहण्यासाठी जोर लावतं, आणि तो जोर बघणाऱ्याला उत्साह वाटतो. खुशीतलं बाळ एखाद्या गोष्टीकडे टक लावून बघतं. हे खिदळणारं बाळ एका जागी नजर ठरवू शकत नाही. फरक तिथे दिसतो.

गाडीतल्या तिच्या खुर्चीत पट्टा लावल्यावर ती पाच मिनिटांत झोपली आणि जेमतेम अर्ध्या तासाने किंचाळत उठली. पाचनंतर पुन्हा झोपवली असती तर रात्र नऊवर गेली असती, म्हणून तसंच रेटलं आणि सव्वासाताऐवजी सव्वासहालाच तिला रात्रीसाठी झोपवलं. झोप बुडाली की रात्र लवकर करायची, हा त्यावरचा सगळ्यात साधा उपाय. तरी दहाच्या आत दोनदा रडून उठली. सोमवारी सकाळपर्यंत गाडी रुळावर आली. एखादी झोप बुडाल्याने आभाळ कोसळत नाही, ते मला पत्रातही लिहायचं होतं आणि लिहिलंही होतं: दोन दिवसांत चार झोपांपैकी तीन नीट झाल्या तरी मी खूश.

तुम्हाला असं पत्र पाठवायचं असेल तर दोन गोष्टी. ज्याचे नातेवाईक त्याने पाठवावं. आमच्या घरच्या ग्रुपवर ते नवऱ्याच्या नावाने गेलं, खाली दोघांची नावं, म्हणून "सून आल्या आल्या नियम घेऊन आली" हे वाक्य जन्मलंच नाही. आणि दोन दिवस आधी पाठवावं. आल्यावर दारात सांगितलं तर ते सूचना वाटतं, आणि महिनाभर आधी पाठवलं तर कुणाच्या लक्षात राहत नाही. पत्र एका स्क्रीनवर मावेल एवढंच. आमच्या पत्रात पुढच्या वेळी निघण्याची वेळ आणि फोटोची वेळ वेगवेगळी लिहायची ठरली आहे: फोटो सकाळी साडेअकराला, पोटभर झोपून उठलेल्या बाळाबरोबर. आत्यांनी तेव्हाच सांगून टाकलं, साडी आदल्या रात्री काढून ठेवीन.