आभाराच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद

आमच्या सभागृहात झालेली एका कंपनीची दोन दिवसांची परिषद आटोपून आज दुसरा दिवस. आभाराचे पत्र आजच जायला हवे होते, कारण उशीर झाला की ते बिलासोबत पोहोचते आणि मग वाचणाऱ्याला त्यात आभार कमी, वसुलीची आठवण जास्त दिसते. मसुद्यासाठी फाइल उघडली, तर याच कंपनीला गेल्या वर्षी पाठवलेले पत्र वर आले. ‘पुन्हा सेवेची संधी द्यावी, ही विनंती’ हे त्याचे शेवटचे वाक्य, आणि नेमके तेच मी आजच्या मसुद्यातही लिहून बसले होते. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

दोन दिवस मी पायांवर उभी होते. पत्राखाली सही मात्र साहेबांची. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकत्या भिंतीपलीकडच्या सभागृहात दुसऱ्याच कार्यक्रमाची ध्वनिचाचणी सुरू झाली आणि इकडच्या वक्त्याला दोनदा थांबावे लागले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही १४० खुर्च्या, टेबले आणि प्रोजेक्टर वरच्या मजल्यावर हलवले, दाराबाहेरची पाटी बदलली आणि दुपारचे सत्र वेळेवर सुरू झाले. त्या धावपळीत त्यांच्या समन्वयक बाई एक शब्दही चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. म्हणून पत्र संचालकांच्या नावे न लिहिता त्यांच्याच नावे लिहिले आणि संचालकांना प्रत ठेवली. पुढच्या वेळी ठिकाण सुचवणार त्या, आणि वरिष्ठांसमोर त्यांचे कौतुकही झाले.

साहेबांनी आवाजाचा उल्लेख खोडला. मी तो परत घातला. जे १४० जणांनी ऐकले, ते पत्रातून गाळल्याने विसरले जाणार नाही. त्यांनी सुचवलेली सवलतीची ओळ मात्र मी घेतली नाही, कारण आभाराच्या पत्रात दर आला की त्याचे दरपत्रक होते.

पण ‘पुन्हा या’ हे म्हणायचे कसे? नुसती विनंती केली तर याचना वाटते, आणि गाळली तर त्यांची गरजच नाही असे वाटते. तीनदा लिहून तीनदा खोडले. आपण इतकी वर्षे हेच काम करतो आणि एक वाक्य जमत नाही, याचे दुपारी फार वाईट वाटले. मग चहा घेताना हसू आले, कारण उत्तर त्या भिंतीतच होते. शेवटी असे लिहिले:

‘पुढील वर्षी याच आठवड्यात आपली परिषद व्हावयाची असल्यास दोन्ही सभागृहे एकत्र आपल्यासाठी राखून ठेवता येतील, म्हणजे शेजारी दुसरा कार्यक्रम असणार नाही. महिनाअखेरपर्यंत या तारखा आम्ही कोणतेही बंधन न घालता आपल्या नावे ठेवीत आहोत.’

साहेबांनी वाचले, ‘राखून’च्या जागी ‘आरक्षित’ केले आणि सही केली. मी सभागृहांच्या नोंदवहीत पुढच्या वर्षीच्या त्या दोन दिवसांवर कंपनीचे नाव लिहिले, अर्थात पेन्सिलीने.