चारपैकी अडीच

«मॅडम, माझ्या मुलीचं इंग्रजी चांगलं आहे. निबंधात तिला पैकीच्या पैकी मिळतात. मग पन्नास शब्दांच्या साध्या नोटिशीला दर वेळी चारपैकी अडीचच का?»

कारण त्या चार गुणांत चांगल्या इंग्रजीच्या वाट्याला एकच गुण येतो. सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजीत नोटीस 50 शब्दांची आणि 4 गुणांची असते. त्यातला 1 गुण मांडणीचा, 2 मजकुराचे आणि 1 शुद्धलेखन व व्याकरणाचा. तुमच्या मुलीला भाषेचा तो एक पूर्ण मिळतो. मांडणीत तारीख राहिली की अर्धा जातो. मजकुरात वेळ, वर्ग, शेवटची मुदत असं काही सुटलं की दोनातला एक जातो. उरतात अडीच. दर वेळी तेवढेच, कारण दर वेळी तीच सवय.

ती सवय इंग्रजीची नाही, म्हणून मी अकरावीच्या मुलांकडून पहिली नोटीस मराठीतच लिहून घेते. शब्दांची अडचण बाजूला केली की चूक उघडी पडते. यंदा प्रश्न दिला होता : तुम्ही अ.ब.क. विद्यालय, नाशिकच्या सांस्कृतिक मंडळाच्या सचिव आहात; मराठी भाषा गौरव दिनानिमित्त होणाऱ्या काव्यवाचन स्पर्धेची सूचना लिहा. एका हुशार मुलीनं हे लिहिलं :

«सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की, दरवर्षीप्रमाणे याही वर्षी आपल्या शाळेत मराठी भाषा गौरव दिनाचे औचित्य साधून काव्यवाचन स्पर्धेचे आयोजन करण्यात आलेले आहे. आपल्या मातृभाषेचा अभिमान बाळगणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. तरी जास्तीत जास्त विद्यार्थ्यांनी उत्साहाने सहभागी होऊन स्पर्धेची शोभा वाढवावी. स्पर्धा पुढील शुक्रवारी सभागृहात होईल. इच्छुकांनी माझ्याकडे नावे द्यावीत.»

एकही व्याकरणाची चूक नाही. आता शब्द मोजा. एकूण 52. पहिल्या 43 शब्दांत फक्त एवढंच कळतं की शाळेत काव्यवाचन स्पर्धा आहे. ती कधी, हे पंचेचाळिसाव्या शब्दापाशी सुरू होतं आणि तेही अर्धवट, कारण 'पुढील शुक्रवारी' म्हणजे येणारा की त्याच्यानंतरचा? फलकावरची सूचना कोणी सोमवारी वाचतो, कोणी गुरुवारी. 'उद्या', 'परवा', 'पुढील आठवड्यात' हे शब्द प्रत्येक वाचकाच्या दिवसाप्रमाणे सरकतात. वेळ कुठेच नाही. कोणत्या इयत्तांसाठी, नाव कधीपर्यंत द्यायचं, कविता किती वेळ म्हणायची, काही नाही. आणि 'माझ्याकडे' म्हणजे कोणाकडे? फलकासमोर उभ्या असलेल्या सातवीच्या मुलाला 'मी' कोण ते माहीत नसतं. सूचनेत 'मी' येतच नाही. पद येतं.

हे 43 शब्द तिनं कुठून आणले ते मला ऐकूच येतं. गणपतीच्या मंडपातला माइक, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन, सोसायटीच्या वार्षिक सभेची पत्रकं. 'औचित्य साधून', 'शोभा वाढवावी' ही व्यासपीठावरची मराठी आहे. समोर लोक आधीच येऊन बसलेले असतात, तिथे ती शोभते. सूचनेचा वाचक अजून आलेला नसतो. त्याला यायचं कसं हेच सांगायचं असतं. इंग्रजीत हीच सवय 'धिस इज टु इन्फॉर्म ऑल द स्टुडंट्स दॅट' अशी येते. ते चूक नाही, पण पन्नासातले आठ शब्द गेले आणि अजून काहीच सांगितलेलं नाही. मी मुलांना ते टाळायला सांगते आणि थेट घटनेपासून सुरुवात करायला लावते.

त्याच मुलीला मी मजकुराआधी सहा शब्द ओळीनं लिहायला सांगितले : काय, कोणासाठी, कधी, कुठे, अट, कोणाकडे. प्रत्येकापुढे उत्तर. प्रश्नपत्रिकेत दिलेले तपशील जसेच्या तसे घ्यायचे आणि नसलेले स्वतः ठरवायचे, हे पुष्कळ मुलांना ठाऊकच नसतं. वेळ दिलेली नाही म्हणून ती लिहीत नाहीत. सकाळी दहा लिहा, अकरा लिहा, पण लिहा. फक्त वार आणि तारीख जुळवून बघा, आणि नावं देण्याची मुदत सूचनेच्या तारखेनंतर आणि कार्यक्रमाच्या आधी पडते ना, ते पाहा. तिचा दुसरा मसुदा असा झाला, चारही बाजूंनी चौकट आखून :

अ.ब.क. विद्यालय, नाशिक
सूचना
16 फेब्रुवारी 2026
मराठी काव्यवाचन स्पर्धा
मराठी भाषा गौरव दिनानिमित्त इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी काव्यवाचन स्पर्धा होणार आहे. स्पर्धा शुक्रवार, 27 फेब्रुवारी 2026 रोजी सकाळी 10 वाजता शाळेच्या सभागृहात सुरू होईल. प्रत्येकाने एक कविता तीन मिनिटांत सादर करावी. इच्छुकांनी शुक्रवार, 20 फेब्रुवारीपर्यंत वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत.
(सही)
सचिव, सांस्कृतिक मंडळ

मजकूर 40 शब्दांचा. बारा शब्द कमी झाले आणि चार नव्या गोष्टी आत आल्या. इंग्रजीत हाच मजकूर थोडा लांबतो, कारण 'विद्यार्थ्यांसाठी' हा आपला एक शब्द तिथे तीन शब्दांचा होतो. तरी पन्नासात बसतो.

वरच्या ओळींचा क्रम मी पाठ करून घेत नाही. फलकाकडे बघायला लावते. आधी कळायला हवं की ही सूचना कोणाची, मग ही सूचना आहे, मग ती शिळी आहे की ताजी, मग माझ्या कामाची आहे की नाही. म्हणून संस्थेचं नाव, 'सूचना' हा शब्द, तारीख, शीर्षक. शीर्षक वाचून निम्मे विद्यार्थी पुढे निघून जातात आणि तेच त्याचं काम आहे. म्हणून शीर्षकात 'सुवर्णसंधी!' लिहून चालत नाही. खाली सहीच्या जागी प्रश्नात दिलेलं नाव आणि पद लिहायचं. स्वतःचं खरं नाव किंवा आपल्या शाळेचं नाव कधीही नाही, उत्तरपत्रिकेवर ओळख उघड करायची नसते. दर वर्षी एखादं मूल भाबडेपणानं ते लिहितंच.

एक प्रकार मात्र या सगळ्याला अपवाद आहे. हरवलं आणि सापडलं. दोन्ही नोटिसा वर्गात शेजारी शेजारी लिहून घ्याव्या लागतात, कारण त्या उलट्या चालतात. घड्याळ हरवलं असेल तर सगळं वर्णन द्यायचं : काळा पट्टा, चौकोनी तबकडी, काचेवर डावीकडे चरा, कुठे आणि केव्हा राहिलं. घड्याळ सापडलं असेल तर जवळजवळ काहीच द्यायचं नाही. 'ग्रंथालयात एक मनगटी घड्याळ सापडले आहे, ओळख पटवून न्यावे' एवढंच. काळा पट्टा आणि चरा तुम्हीच फलकावर लिहिलात, तर मालकाला विचारायला उरलं काय? थोडक्यात लिहिणं म्हणजे नुसतं शब्द कमी करणं नव्हे, हे मुलांना या एका जोडीवरून जेवढं कळतं तेवढं माझ्या दहा तासांनी कळत नाही.

निरोपाबद्दल थोडंच सांगते, कारण तो लहान वर्गांत येतो आणि त्यात एकच खाच आहे. फोनवरचं संभाषण दिलेलं असतं आणि घरी नसलेल्या माणसासाठी त्याचा निरोप लिहायचा असतो. काका फोनवर दादासाठी सांगतात, «मी उद्या येतो, तू स्टेशनवर ये म्हणावं.» मूल ते तसंच उतरवतं. निरोपात तो 'मी' काका होतो, 'तू' दादा होतो, आणि 'उद्या' ऐवजी तारीख येते, कारण दादा चिठ्ठी केव्हा वाचेल ते ठाऊक नसतं. संभाषणात नसलेलं काही घालायचं नाही.

तुम्ही नोटिशीचं विचारलंत, पण त्याच पेपरात निमंत्रणही 50 शब्दांचं, 4 गुणांचं असतं आणि तिथे आपली मुलं जास्त अडखळतात. त्याचं कारण घरात फ्रिजवर लावलेली लग्नपत्रिका. आपल्या मराठी पत्रिकेत 'स. न. वि. वि.' असतं, कुलदैवत असतं, 'करण्याचे योजिले आहे' असतं, शेवटी 'आपले विनीत' आणि चार नावं असतात. ते आपल्या जागी फार सुंदर आहे. इंग्रजी औपचारिक निमंत्रणात यातलं काहीच नसतं. मायना नाही, लिहिल्याची तारीख नाही, सही नाही. अख्खं निमंत्रण हे एकच वाक्य असतं, तृतीय पुरुषात आणि साध्या वर्तमानकाळात : अमुक शाळेचे प्राचार्य, शिक्षक व विद्यार्थी आपल्या उपस्थितीची विनंती करतात. मग त्याच वाक्याचे तुकडे एकाखाली एक, मध्यभागी. कोण बोलावतं, विनंती, कशासाठी, वार व तारीख, वेळ, स्थळ. ओळीच्या शेवटी पूर्णविरामही देत नाहीत, कारण वाक्य अजून चालूच असतं. 'आम्ही' आलं की ते पत्र झालं आणि मांडणीचा गुण धोक्यात आला.

खाली डावीकडे आर.एस.व्ही.पी. येतं. ही चार अक्षरं मुलं शोभेची समजतात. तो फ्रेंच वाक्याचा संक्षेप आहे, अर्थ 'कृपया उत्तर द्यावे'. म्हणून त्याखाली उत्तर कोणाला द्यायचं ते लिहिणं भाग असतं. नाव, पद, संपर्क. नुसती अक्षरं लिहून सोडणं म्हणजे 'उत्तर कळवा' म्हणून पत्ता न देणं.

आणि उत्तर लिहायला आलं, तर निमंत्रण ज्या पुरुषात आलं त्याच पुरुषात परतवायचं. तृतीय पुरुषी निमंत्रणाला तृतीय पुरुषी होकार, पत्राला पत्र. होकारात तारीख, वेळ आणि स्थळ पुन्हा लिहायचं. मुलं म्हणतात, त्यांनीच तर कळवलं होतं, परत कशाला? म्हणजे तुम्ही नीट वाचलंत हे त्यांना कळतं आणि घोळ असेल तर आधीच सापडतो. नकारात कार्यक्रम व तारीख पुरे, वेळेची गरज नाही, आणि कारण एका ओळीत. 'पूर्वनियोजित कामामुळे' एवढं बस्स होतं. आजीच्या ऑपरेशनची हकिगत पन्नास शब्दांत मावत नाही.

मुलीला सांगा, पुढच्या नोटिशीचा मजकूर लिहून झाला की वही तुमच्या हातात द्यायची आणि तिनं गप्प बसायचं. तुम्ही फक्त विचारा : मी नववीत आहे, मी यायचं का? किती वाजता? नाव कोणाकडे, कधीपर्यंत? ज्या प्रश्नाला ती वहीऐवजी तोंडानं उत्तर देईल, ते कागदावर राहिलेलं असेल.