मधल्या साठ पानांनी घाम काढला

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यावर लघुकादंबरी लिहीत होते, साधारण ३१ हजार शब्द झालेले. सुमनला वाडा विकू द्यायचा नाहीये, भावाला विकायचाय, एवढीच गोष्ट. आतेबहिणीला वाचायला दिली तर ती म्हणाली, "अगं सुरुवात छान आहे, पण मध्ये मी दोनदा चहा करून आले आणि काही चुकल्यासारखं वाटलंच नाही." झालं!

मग मी काय केलं, तर अजून प्रसंग घातले. चोरी घातली, पुतण्याचा अपघात घातला, ते पुरेना म्हणून आईला हार्ट अटॅक पण दिला (बिचारी). पानं वाढली, कंटाळा तेवढाच.

शेवटी एका रविवारी मधली पाच प्रकरणं घेऊन बसले आणि प्रत्येकाखाली एकच ओळ लिहिली, या प्रकरणानंतर सुमनला काय परत मिळणार नाही? चार प्रकरणांखाली उत्तरच नव्हतं. चोरी झाली, चोर सापडला, सुमन होती तिथेच. अपघात काढून टाकला तरी पुढच्या प्रकरणातलं एक वाक्यही बदलायला लागत नव्हतं. म्हणजे घडत बरंच होतं, पण पणाला काहीच लागत नव्हतं, हरली तर ती फार तर हळहळणार होती.

मग चोरी, अपघात, अटॅक तिन्ही उडवले आणि नवीन घटना न घालता फक्त एक गोष्ट बदलली: सुमननेच आधी गुपचूप आपल्या हिश्श्याच्या बानाखतावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, सही केलेली आहे, आणि बान्याचे म्हणजे विसाराचे पैसे मुलाच्या फीमध्ये गेलेत. आता वाडा वाचवायचा तर पैसे परत करायला हवेत, म्हणजे भावाला सांगायला हवं, ज्याला ती इतके दिवस लोभी म्हणत आली त्यालाच. गंमत म्हणजे उत्तरायणचा गच्चीवरचा सीन मी जवळजवळ तसाच ठेवला, तीच पतंगं, तोच उंधियो. आधी तो नुसता सणाचा देखावा होता. आता भाऊ फिरकी धरून म्हणतो, "तुझ्या हट्टामुळे पुढच्या वर्षीही इथेच असू बहुतेक," आणि त्याला काही माहीत नाही, आपल्याला माहीत आहे, त्यामुळे तेच वाक्य टोचतं.

एक चूक झाली. सहीची गोष्ट मी थेट पाचव्या प्रकरणात उघड केली तर ती आकाशातून पडल्यासारखी वाटली. मग दुसऱ्या प्रकरणात फी भरल्याची पावती आणि नवरा "कुठून आणलेस?" विचारतो एवढंच पेरलं, ती विषय बदलते.

आता २६ हजार शब्द आहेत. पण नवीनच घोळ झालाय, माझ्या शेवटात वाडा विकत घेणारा स्वतःहून माघार घेत होता, आणि आता तसं केलं तर सुमन फुकटात सुटते. तो शेवट काढलाय, दुसरा अजून सुचला नाहीये, बहीण रोज विचारते "सांगते का गं ती भावाला?"