कथा झाली हे मला कसं कळलं (माझा अनुभव)

साधारण 3000 शब्दांची कथा. वडील गेल्यावर बहीण-भाऊ त्यांचं कपाट आवरतात, त्यात एक पत्र सापडतं, एवढंच कथानक. कथा केव्हाच उभी राहिली होती पण मी रोज फाइल उघडून काहीतरी बदलत होते आणि रोज वाटायचं की आज चांगलं काम झालं. नक्की काय सुधारतंय हे बघावं म्हणून मी वर्डमधलं कम्पेअर वापरलं, त्यात जुनी आणि नवी कॉपी दिली की काय खोडलं, काय नवीन आलं ते सगळं रंगात दिसतं. कॉप्या तारखेच्या नावाने सेव्ह करायची सवय होती म्हणून हे जमलं, एकाच फाइलवर लिहीत गेलं तर हे दिसणारच नाही.

सुरुवातीच्या कॉप्यांमध्ये मोठे बदल होते. एक पात्र गेलेलं, एक प्रसंग वर आलेला. नंतरच्या कॉप्यांमध्ये मात्र सगळीकडे बारीक ठिपके. त्यातलं एक वाक्य बघा. आधी होतं "तिने कपाट उघडलं आणि कोंडलेला वास बाहेर आला." मग झालं "कपाट उघडताच कोंडलेला वास बाहेर आला." मग "तिने कपाट उघडलं. कोंडलेला वास बाहेर आला." आणि शेवटच्या कॉपीत परत पहिलंच! तिन्ही वाक्यं चांगली आहेत, "उघडताच"ने वेग येतो, पूर्णविरामाने जरा थांबायला होतं, पण वाचणाऱ्याला एकातून जे कळतं तेच दुसऱ्यातून कळतं. बदल फिरून मूळ जागी येतो ना, ती माझ्यासाठी सगळ्यात पक्की खूण ठरली.

मग मी प्रत्येक बदलाशेजारी कॉमेंट टाकायला लागले की आधीच्या वाक्यात वाचक कुठे अडखळत होता. "तो म्हणजे भाऊ की वडील ते कळत नव्हतं", हे खरं कारण. "पत्राचा उल्लेख दोनदा आला", हेही खरं. पण बहुतेक ठिकाणी माझ्याकडे "असं बरं वाटतं" याशिवाय काही नव्हतंच, आणि बरं का वाटतं तर जुनं वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की ते कानाला शिळं झालंय आणि नवं फक्त ताजं आहे. वाचणारा तर ते पहिल्यांदाच वाचणार आहे, त्याच्यासाठी दोन्ही ताजीच. एक परिच्छेद दोन रूपांत दोन मैत्रिणींना दिला, नवा कोणता ते न सांगता. एकीला जुना आवडला, एकीला नवा. दोघींवरून मोठा निष्कर्ष नाही काढता येत, पण नवा उघड चांगला असता तर दोघींनी तोच उचलला असता असं मला वाटतं.

आणि असे आडवे बदल, म्हणजे वाक्य फक्त वेगळं होतं पण सुधारत नाही असे, फुकटही नसतात. एकदा मी वासाचं वाक्य काढूनच टाकलं, आणि पुढे दोन पानांनंतर "पुन्हा तोच वास" असं होतं ते लटकत राहिलं. लिहिताना आपण पुढे-मागे असे धागे बांधलेले असतात आणि बारीक डागडुजीत ते तुटतात, चटकन लक्षातही येत नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. ठिपके कथाभर विखुरलेले होते, फक्त शेवटच्या परिच्छेदात प्रत्येक कॉपीत रंगच रंग! बहीण पत्र न वाचता परत ठेवते ते वाक्य मी दरवेळी वेगळं लिहिलेलं, आणि त्याचं कारण मात्र मला नेमकं सांगता येत होतं, की ते पोचत नाहीये. म्हणजे हा आडवा बदल नव्हता, तिथे खरंच काहीतरी अडलं होतं, फक्त मी चुकीच्या जागी खणत होते. शेवट पोचत नाही याचं कारण बहुतेकदा आधी कुठेतरी असतं. एका मैत्रिणीने वाचून विचारलं, "तिला आत काय आहे ते माहितीये का?" झालं, तेच! पत्रावरचं अक्षर तिने ओळखलंय हे मी कुठे सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या पानावर दोन ओळी घातल्या, ती पाकीट उलटं करते आणि "र"चं शेपूट बघून थबकते. शेवटाचं वाक्य सगळ्यात साध्या रूपात परत आणलं, आणि त्यानंतर त्याला हात लावावासा वाटला नाही.

म्हणून आता मी बदल किती हे मोजत नाही, कुठे आहेत ते बघते. एकाच जागी गर्दी असेल तर कथा झालेली नाही, मग वर जाऊन शोधायचं. सगळीकडे पातळ विखुरलेले, कारण नसलेले आणि काही परत जुन्यावर आलेले असतील तर थांबायचं. दोन दिवसांनी बघूनही खात्री होत नसेल तर कारण नसलेले सगळे बदल रिजेक्ट करायचे आणि जुनीच कॉपी ठेवायची.

त्या कथेचं तेच केलं. मग एकदा फक्त ऱ्हस्व-दीर्घ, अवतरणचिन्हं आणि भावाचं नाव सगळीकडे सारखं आहे ना एवढं तपासलं, वाक्यांना हात नाही लावला, आणि मासिकाला मेल करून टाकली.