ओळी सहा, नोकऱ्या चार

"मॅडम, सहा वर्षांत माझ्या बायोडेटावर सहा कंपन्या दिसतात. त्यातल्या निम्म्या तर कॉन्ट्रॅक्टच्या, संपल्या म्हणून संपल्या. पण समोरचा बघतो आणि म्हणतो, तुम्ही टिकत नाही. काय करू?"

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि प्रत्येक महिन्याचा पगार नेमका कोणाच्या खात्यातून आला ते लिहून काढा. ऑफिस कुठे होतं, गळ्यातल्या ओळखपत्रावर कोणाचा लोगो होता, काम कोण सांगायचं, ते सध्या बाजूला ठेवा. पगार, पीएफ आणि फॉर्म १६ देणारा तो तुमचा मालक. बाकीचे क्लायंट. पुण्यात आयटीतल्या भरतीचं काम करताना माझ्याकडे येणाऱ्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांच्या बायोडेटात हीच गल्लत सर्रास असते. माणूस एका स्टाफिंग कंपनीच्या पेरोलवर तीन ठिकाणी काम करतो आणि लिहिताना तीन मोठी नावं तीन नोकऱ्या म्हणून लिहितो. नाव मोठं दिसावं हा हेतू. दिसतं मात्र भलतंच.

एका टेस्टरचं उदाहरण देते. मुलगी कोल्हापूरची, काम पुण्यात. तिच्या बायोडेटावर अशा ओळी होत्या: जुलै २०१९ ते फेब्रुवारी २०२१ एक छोटी प्रॉडक्ट कंपनी. मार्च ते नोव्हेंबर २०२१ एक बँक. डिसेंबर २०२१ ते मे २०२२ एक विमा कंपनी. जून २०२२ ते जुलै २०२३ एक रिटेल कंपनी. ऑगस्ट ते डिसेंबर २०२३ एक स्टार्टअप. आणि जानेवारी २०२४ पासून वाहन उद्योगातली एक कंपनी. भरती करणारा माणूस पहिल्या नजरेत कामाचं वर्णन वाचत नाही, डावीकडच्या तारखांवरून नजर खाली नेतो. नऊ महिने, सहा महिने, चौदा महिने, पाच महिने. तिथेच त्याचं मत झालेलं असतं.

पेरोलने मोजलं तर चित्र वेगळं होतं. बँक, विमा आणि रिटेल ही तिन्ही कामं एकाच स्टाफिंग कंपनीची. मार्च २०२१ ते जुलै २०२३, म्हणजे सलग दोन वर्षं पाच महिने एक मालक, एक एम्प्लॉयी कोड. सध्याचं वाहन कंपनीतलं काम दुसऱ्या एका स्टाफिंग कंपनीमार्फत. म्हणजे नोकऱ्या चार, आणि खरोखर अल्पकाळची एकच, ती स्टार्टअपची. तिने नव्याने लिहिलेला मधला भाग साधारण असा होता:

सीनियर टेस्ट इंजिनिअर (कॉन्ट्रॅक्ट), अमुक स्टाफिंग कंपनी, पुणे. मार्च २०२१ – जुलै २०२३
क्लायंट: रिटेल कंपनी, जून २०२२ – जुलै २०२३. मूळ करार ६ महिने, दोनदा मुदतवाढ.
क्लायंट: विमा कंपनी, डिसेंबर २०२१ – मे २०२२. पॉलिसी पोर्टलचं टेस्टिंग, रिलीज झाल्यावर काम पूर्ण.
क्लायंट: खासगी बँक, मार्च – नोव्हेंबर २०२१. मोबाइल ॲपचं रिग्रेशन टेस्टिंग.

हुद्द्याशेजारी 'कॉन्ट्रॅक्ट' हा शब्द लिहायला लोक कचरतात. त्यांना वाटतं, त्याने किंमत कमी होते. माझा अनुभव उलटा आहे. तो शब्द नसेल तर सहा महिन्यांची ओळ वाचणाऱ्याला 'सोडली की काढलं' हा प्रश्न पडतो. तो असेल तर मुदत संपली हे त्याचं त्यालाच कळतं. आणि 'दोनदा मुदतवाढ' हे चार चांगल्या विशेषणांपेक्षा भारी पडतं. कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला मुदतवाढ देताना क्लायंटच्या मॅनेजरला वरून बजेट मंजूर करून आणावं लागतं. काम न आवडलेल्या माणसासाठी ती धावपळ कोणी करत नाही.

आता इथे एक पथ्य. तीन कामं एका मथळ्याखाली घेता येतात ती पेरोल सलग असेल तरच. काही स्टाफिंग कंपन्या क्लायंटचं काम संपलं की माणसाला रीतसर कमी करतात आणि दोन-तीन महिन्यांनी नवं काम आलं की नवं नेमणूक पत्र देतात. मग तो एकच मालक असला तरी कालखंड दोन आहेत आणि मधली फट खरी आहे. तेव्हा मथळा एक ठेवा, पण तारखांच्या दोन जोड्या लिहा. सलग दाखवलंत तर पुढे पकडले जाल, आणि ती पकड जॉब हॉपिंगच्या शंकेपेक्षा फार महागात पडते.

कशी ते सांगते. ऑफर मिळाल्यावर पार्श्वभूमी तपासणी होते, तिला सगळे बीजीव्ही म्हणतात. ते काम बहुधा बाहेरच्या एजन्सीकडे असतं. तुम्ही बँकेचं नाव मालक म्हणून लिहिलं असेल तर एजन्सी बँकेच्या एचआरला विचारते. तिथून उत्तर येतं, या नावाचा कर्मचारी आमच्या नोंदीत नाही. ते खोटं बोलत नसतात, तुम्ही त्यांचे कर्मचारी कधी नव्हताच. पण अहवालात तुमच्या नावापुढे विसंगतीचा शेरा बसतो. म्हणजे ज्या मोठ्या नावासाठी आटापिटा केला, त्यानेच आधी टिकत नाही असं दाखवलं आणि नंतर खोटारडं ठरवलं.

दुसरी तपासणी तुमच्या पीएफच्या नोंदीवरून होते. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर यूएएनने लॉगिन करा आणि View मध्ये Service History उघडा. प्रत्येक आस्थापनेचं नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख तिथे दिसते. बायोडेटा पाठवण्याआधी तो पडद्यावरचा तक्ता आणि तुमच्या ओळी शेजारी शेजारी ठेवून जुळवा. तीन गोष्टी हमखास अडतात. एक, तिथलं नाव कंपनीचं नोंदणीकृत नाव असतं. बाजारात ती वेगळ्याच नावाने ओळखली जाते, तेव्हा दोन्ही लिहा. दोन, एखाद्या कंपनीने जुना यूएएन न विचारता नवाच काढलेला असतो आणि निम्मा इतिहास दुसऱ्या नंबरावर पडलेला असतो. तीन, जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते. मग कागदावर तुम्ही एकाच वेळी दोन नोकऱ्या करताना दिसता, आणि हल्ली त्या संशयाला कंपन्या फार हळव्या झाल्या आहेत.

कोल्हापूरच्या मुलीचं नेमकं तेच झालं होतं. स्टार्टअपने तारीख भरली नव्हती, त्यामुळे जानेवारी २०२४ पासून ती दोन ठिकाणी आहे असं दिसत होतं. जानेवारी २०२० पासून ही तारीख कर्मचाऱ्याला स्वतः भरता येते: पोर्टलवर Manage मध्ये Mark Exit, शेवटच्या वर्गणीला दोन महिने उलटलेले हवेत, आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मात्र भरण्याआधी रिलीव्हिंग लेटर समोर ठेवा. एकदा चुकीची तारीख गेली की ती दुरुस्त करून घेताना नाकी नऊ येतात.

तुमचं काम कन्सल्टंट म्हणून, बिल देऊन झालं असेल तर पीएफच्या तक्त्यात त्याचा मागमूसही नसतो. त्या काळासाठी मथळा 'स्वतंत्र सल्लागार' असा ठेवा आणि खाली कामं लिहा. पुरावा म्हणून करार, बिलं, बँकेतली जमा आणि त्या वर्षांचं फॉर्म 26AS पुरतं. टीडीएस पगारावर कापला की व्यावसायिक फीवर, हे त्यात दिसतं.

आता ती स्टार्टअपची पाच महिन्यांची नोकरी. "ती गाळूनच टाकू का?" हा तिचाही प्रश्न होता. बायोडेटा तुमचा आहे, त्यात काय लिहायचं ते तुम्ही ठरवता हे खरं. पण पीएफ कापला गेला म्हणजे नोंद आहे, आणि रुजू होताना भरायच्या फॉर्मात सगळ्या नोकऱ्या विचारतात. बायोडेटात नसलेली कंपनी तिथे उगवली की लपवल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा एक ओळ ठेवा: नाव, हुद्दा, तारखा. त्याखाली कामगिरीचे चार ठिपके नकोत. पाच महिन्यांत तुम्ही कंपनीचा कायापालट केलात यावर कोणी विश्वास ठेवत नाही. महिने गाळून नुसतं '२०२३' लिहिण्याची युक्तीही नको. ती आमच्या धंद्यात इतकी जुनी झाली आहे की नुसती वर्षं दिसली की आम्ही आधी महिनेच विचारतो.

मुलाखतीत त्याचं कारण दोन वाक्यांत सांगायचं आणि थांबायचं. तिने असं सांगितलं: "नेमणूक ऑटोमेशनसाठी होती, गेल्यावर रात्रपाळीचं सपोर्टचं काम मिळालं. तीन महिने वाट पाहिली, ते बदलेल असं दिसेना म्हणून सोडलं." यात कोणाची निंदा नाही, आणि ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न ऑटोमेशनवर विचारावासा वाटतो. लोक घसरतात ते थांबण्यात. समोरचा गप्प बसला की भरून काढायला म्हणून जुन्या मॅनेजरची कहाणी सुरू होते, आणि मग मुलाखत त्या मॅनेजरचीच होते.

हेही स्पष्ट सांगते, की मांडणी बदलून जे नाही ते निर्माण होत नाही. चारही नोकऱ्या कायमच्या होत्या आणि चारही तुम्ही वर्षाच्या आत, दरवेळी पगार वाढवून सोडल्या असतील, तर त्यावर मथळ्यांचा इलाज नाही. काही कंपन्या सरासरी कालावधी बघूनच चाळणी लावतात आणि तुमचा कागद माणसाच्या हातात पोचतच नाही. तिथे ओळखीतून रेफरल मिळवा, किंवा कॉन्ट्रॅक्ट टू हायरचं काम घ्या, ज्यात कंपनी आधी काही महिने पारखते आणि मग कायम करते. पारखून घेणाऱ्याला तुमच्या जुन्या तारखांची फिकीर कमी असते. आणि पुढची जागा मिळाली की ती दोन वर्षं तरी धरा.

सध्या कॉन्ट्रॅक्टवर असाल तर कागद आत्ताच गोळा करा. प्रत्येक मुदतवाढीचं पत्र किंवा मेल आणि नेमणूक पत्र नियमात बसत असेल तसं स्वतःकडे ठेवा; कंपनीचा मेल आयडी शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो. क्लायंटकडच्या मॅनेजरचा संपर्क त्याला विचारून घ्या. त्याची कंपनी तुमची नोकरी प्रमाणित करणार नाही, पण तो स्वतः फोनवर तुमच्या कामाबद्दल बोलू शकतो. रिलीव्हिंग लेटर हातात पडलं की हुद्दा आणि दोन्ही तारखा तिथल्या तिथे तपासा. चूक असेल तर त्याच आठवड्यात मेल टाका. स्टाफिंग कंपन्यांच्या एचआरमध्येही माणसं सारखी बदलतात, आणि वर्षभराने त्या खुर्चीवर तुमचं नावही न ऐकलेलं कोणीतरी बसलेलं असतं.