हजार विटांचा खर्च आणि बँकेच्या फॉर्ममधली ती एक ओळ

वीटभट्टीसाठी खेळत्या भांडवलाचं कर्ज मागितलं की बँक प्रकल्प अहवालाचा छापील नमुना हातात देते. माती, इंधन, मजुरी या ओळी भरायला वेळ लागत नाही. माझं घोडं अडलं ते 'तूटफूट : ५%' या ओळीपाशी. टक्केवारी आधीच छापलेली, बदलायची सोय नाही आणि ती कशावर काढायची याचा पत्ता नाही. अर्ज दोनदा परत आला तो याच ओळीपायी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. कारण हजारी भाव खरा ठरतो तो इथेच.

एक लाख थापलेल्या विटांची एक भट्टी धरू. दर समजण्यापुरते आहेत, आपल्या भागातले घालून बघा. ९ × ४ × ३ इंचाच्या हजार विटांचं भरीव माप ६२.५ घनफूट होतं, पण वाळताना वीट आकसते आणि खणलेली माती फुगलेली असते, म्हणून हजाराला ब्रासभर माती धरावी. रॉयल्टी, जेसीबी आणि ट्रॅक्टर धरून १,२०० रुपये. मातीत मिसळायची राख आणि पाणी ३००, थापणी ९००. म्हणजे कच्ची वीट हजारी २,४०० ला पडली. भट्टीत हजारामागे २०० किलो कोळसा, ९ रुपयांनी १,८००. वाहतूक, रचाई आणि भाजणावळ ६००. भट्टी फोडून, निवडून गाडीत भरायचे ३००. जागेचं भाडं, झोपड्या आणि मजुरांना दिलेल्या उचलीवरचं व्याज मिळून ४००. बेरीज ५,५००. त्यावर छापील पाच टक्के चढवले की ५,७७५. नमुना इथे संपतो.

प्रत्यक्षात नुकसान एका जागी होत नाही, आणि प्रत्येक जागी फुटलेल्या विटेची किंमत वेगळी असते. वाळवणीत आणि भट्टीपर्यंत नेताना लाखातल्या ६,००० कच्च्या विटा गेल्या असं धरा. त्यांची माती आणि राख परत ढिगात जाते, म्हणजे ९,००० रुपये वाचले. बुडाली ती थापणी. अवकाळीत भिजलेल्या थराचाही हिशोब असाच. पत्रे-ताडपत्री वेळेवर टाकावीच, पण तिथे सगळं बुडालं असं नसतं.

उरलेल्या ९४,००० भट्टीत गेल्या. इथून पुढे गेलेली वीट परत माती होत नाही, तिच्यासोबत कोळसाही जातो. त्यातल्या १० टक्के, म्हणजे ९,४०० कडेच्या, फिकट, कमी भाजलेल्या निघाल्या आणि ३,००० रुपये हजाराने गेल्या. ४ टक्के फुटल्या किंवा वितळून खंगर झाल्या. अव्वल विटा राहिल्या ८०,८४०.

आता एकूण खर्च पाहा. कच्च्या विटांचे २,४०,०००, त्यातून परत आलेल्या मातीचे ९,००० वजा. भट्टीत गेलेल्या विटांवर हजारी २,७०० प्रमाणे २,५३,८००. भाडं, झोपड्या आणि उचलीवरचं व्याज यांचे लाखाला ४०,०००. फिकट विटांचे आलेले २८,२०० वजा केले की ४,९६,६०० उरतात. भागायचं ते ८०.८४ हजारांनी, शंभर हजारांनी नाही. उत्तर ६,१४३. नमुन्याच्या ५,७७५ वर विसंबून ६,००० ने सौदा केला, तर कागदावर नफा आणि खिशातून हजारामागे १४३ रुपये जातात.

याच आकड्यांत कच्च्या विटांची घट ६ वरून ३ टक्क्यांवर आणली तर खर्च ६,०९३ होतो, जेमतेम ५० रुपये वाचतात. फिकट विटा १० वरून ५ टक्क्यांवर आणल्या तर तो ५,९७० वर येतो, १७३ रुपये वाचतात. म्हणून लक्ष कडेवर द्यायचं. भट्टी जितकी लहान, तितका कडेच्या विटांचा वाटा जास्त. बाहेरचा थर मागच्या भट्टीतल्या फिकट विटांचा रचावा, त्या पुन्हा भाजून निघतात. वरून मातीचं लिंपण जाड द्यावं आणि वाऱ्याच्या बाजूला भेगा राहू देऊ नयेत, कारण तिथून गार हवा शिरते. कोळसा सगळीकडे सारखा पसरण्यापेक्षा कडेला थोडा जास्त, मध्ये थोडा कमी. मध्ये जास्त पडला तर खंगर तिथेच होतो.

निवडताना दोन विटा एकमेकींवर आपटा. भाजलेली खणखणते, कमी भाजलेली बद्द वाजते आणि नखाने ओरखडा उठतो. ही मोजणी भट्टी फोडतानाच, गाडी भरायच्या आधी वहीत उतरवायची. गाडीत गेल्यावर किती कुठे फुटल्या ते कळत नाही.

आणि हो, थापणीची मोजणी वाफ्यावर होते, विक्रीची गाडीत. मजुरी पहिल्या आकड्यावर, भाव दुसऱ्यावर. शेवटी मी नमुन्यासोबत वेगळा कागद जोडला, त्यात हे टप्पे ओळीओळीने मांडले आणि पाच टक्क्यांच्या ओळीत 'सोबतचा तक्ता पाहा' असं लिहिलं. तो अर्ज परत आला नाही.